चाचणीत अडकलेली तिकिटं

बेंगळुरूत बेळ्ळंदूरच्या त्या ऑफिसात शाळेच्या बसचं अ‍ॅप बनायचं. बस थांब्याजवळ आली की पालकांच्या फोनवर संदेश जाणार, एवढंच त्याचं काम. ते सांभाळणारी टीम पाच जणांची, आणि सोमवारी ती मोडणार अशी कुणकुण लागली होती. टीमचं प्रत्येक काम ट्रॅकरवर एकेक तिकीट म्हणून नोंदलेलं असे, आणि तिथल्या अहवालात ही टीम महिनोन् महिने एकच काम चघळत बसलेली दिसत होती. वरच्या मॅनेजर प्रतिमा मॅडम, घरात मराठी बोलणाऱ्या जुन्या बेंगळुरूकर, शलाकाला म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत ट्रॅकर तपासून दे. सोमवारी मी ठरवते."

शलाका टीमची टेस्टर, मूळची सांगलीची. या शहरात तिला आपली म्हणावीत अशी माणसं एवढीच होती. टीम फुटली तर जेवणाच्या सुट्टीत खिदळायचं कुणाशी? मग पदर खोचून कामाला लागावं तशी ती लागली.

ट्रॅकर म्हणजे नुसता सावळा गोंधळ होता. कुठे काम कुणाकडे ते लिहिलेलंच नाही, कुठे ते अ‍ॅपच्या कोणत्या आवृत्तीत गेलं याचा पत्ता नाही. बरीच तिकिटं कुठल्याच मोठ्या कामाखाली जोडलेली नव्हती. अहवाल फक्त जोडलेली तिकिटं मोजायचा, त्यामुळे त्या अनाथांवर गाळलेला घाम कुणाला दिसतच नव्हता. आणि 'चाचणीत' या स्थितीत तर नुसती झुंबड. चाचणी शलाकाच करायची, आणि यातल्या बहुतेकांची तिने कधीच करून टाकली होती.

तिने टीमप्रमुख बसवंतला गाठलं. बसवंत निपाणीचा. त्याने मान खाजवली.

"ते मद्दूर वड्याचं लफडं आहे की, अक्का."

टीमचा एक लाडका रिवाज होता: पंधरवड्याचं शेवटचं तिकीट जो बंद करील, त्याने राजाजीनगरातल्या ठरलेल्या दुकानातून सगळ्यांना मद्दूर वडे आणायचे. रिवाज काढला होता आनंद साजरा करायला. पण बेळ्ळंदूरहून राजाजीनगर म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं, तेही त्या ट्रॅफिकमधून. तेव्हा प्रत्येक जण आपलं एखादं तिकीट 'चाचणीत' ठेवून साळसूदपणे घरी जाई. शेवटचं तिकीट कधी बंदच होत नसे. शलाकाला हसावं की कपाळ बडवावं कळेना. तिचीही दोन होती त्यात.

"सगळी एकदम निवडा आणि करा बंद," बसवंत म्हणाला. "स्वल्प काम आहे. ट्रॅकर चकाचक, टीम वाचली."

मोह मोठा होता. एक बटण दाबायचा अवकाश. पण न बघता बंद केलेलं तिकीट हेही खोटंच, आणि खोटं निस्तरायलाच तर तिला बसवलं होतं. ती एकेक उघडत गेली. कोडमधला बदल सापडला, तो आवृत्तीत गेलेला दिसला, की रिकामे रकाने भरायचे, मोठ्या कामाला जोडायचं आणि पुरावा लिहून बंद करायचं.

एका तिकिटाशी मात्र ती अडली: मुलाचा थांबा बदलला तरी संदेश जुन्याच थांब्याचा येतो, अशी एका शाळेची तक्रार. ते टीममधल्या रघुनंदनच्या नावावर होतं, आणि तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. वर काही जोडलेलं नाही, स्थिती 'चाचणीत', आणि कोडमध्ये दुरुस्तीचा मागमूस नाही. तिने चाचणीच्या यंत्रणेवर एका मुलाचा थांबा बदलून पाहिला. संदेश जुन्याच थांब्याचा आला. म्हणजे कुणाची तरी आई आजही चुकीच्या वेळी रस्त्यावर उभी असणार. शलाकाला लाज वाटली. तिने तिकीट पुन्हा 'उघडं' केलं आणि गंभीर चूक म्हणून लाल खूण लावली.

"सोमवारच्या तोंडावर?" बसवंत कळवळला.

"चूक खरी आहे, तर खूणही खरी हवी," ती म्हणाली, पण रात्रभर तिला झोप लागली नाही.

सोमवारी प्रतिमा मॅडमनी सगळ्या टीमला बसवून शलाकाचा अहवाल वाचला. वड्यांच्या भागाशी त्या मनापासून हसल्या. मग लाल तिकिटापाशी थांबल्या.

"खरं सांगू? इतकं काम पूर्ण झालेलं बघून मी म्हणणार होते, शाब्बास, आता काम उरलं नाही, पाच जणांना पाच टीममध्ये पाठवू. तशी मागणीही आली आहे." त्यांनी चष्मा काढला. "पण हे दुरुस्त कोण करणार? रघुनंदनचा कोड तुमच्याशिवाय कुणाला कळतो?"

सगळं एकदम बंद करा म्हणणारा बसवंत टेबलाकडे बघत होता. मग त्याने लॅपटॉप ओढला आणि तिकिटावरचं रघुनंदनचं नाव काढून तिथे स्वतःचं टाकलं.

"सरी, ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "टीम राहू दे. आणि असे आणखी थांबे चुकतायत का, तेही तुम्हीच शोधा."

शलाकाचा जीव भांड्यात पडला. ती बाहेर आली, आणि चूक कळवायला तिने आधी तक्रार करणाऱ्या त्या शाळेला फोन लावला.