कोपऱ्यातला वजीर

भास्कररावांच्या उंटाला क्लबात सगळे वचकून असत. दांडिया बाजारातल्या व्यायामशाळेच्या माडीवर बडोद्याचा हा बुद्धिबळ क्लब भरतो. खाली दंडबैठका, वर प्याद्यांची मारामारी. रिफायनरीतून निवृत्त झालेले भास्करराव तिथे पंचेचाळीस वर्षं एकच मांडणी खेळत आले होते. काळी मोहरी असली की जी-प्यादं एक घर पुढे, त्याच्या मागच्या घरात उंट, उंटाशेजारी किल्लेबंदी केलेला राजा. तिथून तो उंट पटावरच्या सगळ्यात लांब तिरक्या पट्टीवर, थेट समोरच्याच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत नजर लावून बसे.

"घर सोड, पण हा उंट सोडू नको," असं ते शिकवत. "तो गेला की राजाभोवतीची काळी घरं उघडी पडतात. मग देवसुद्धा येत नाही सोडवायला."

हे शिकून मोठी झालेली संयोगिता आज त्यांच्यासमोर पांढरी मोहरी घेऊन बसली होती. वय एकोणतीस, नोकरी रेल्वेच्या कचेरीत. जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरली होती आणि तिला शेवटचा डाव जिंकावाच लागणार होता. बरोबरी झाली तरी जागा गेली. मागची दोन वर्षं ती अशीच अर्ध्या गुणानं हुकली होती. भास्कररावांची निवड कधीच पक्की झालेली, त्यांना या डावाचं काही पडलेलं नव्हतं.

तिथेच तर खरी मेख होती. जिना चढताना क्लबातला मयंक दात काढत म्हणाला होता, "तारे शुं टेन्शन? काका तो जवा देशे!" काका सोडून देतील म्हणे! संयोगिताच्या अंगाचा तिळपापड झाला. सोडून दिलेला डाव घेऊन संघात जायचं, त्यापेक्षा घरी बसलेलं काय वाईट? तिला जागा हवी होती, पण खरी हवी होती.

डाव सुरू झाला आणि काकांनी आपला गड बांधला. तिनं वजीर आणि उंट एका रेषेत लावले, उंट एच-सहावर घुसवला, म्हणजे त्या लाडक्या उंटाशी अदलाबदल व्हावी. पण काका काय कच्चे होते? उंट हलला की माऱ्यात येणारा राजाशेजारचा हत्ती त्यांनी आधीच हलवून ठेवलेला. त्यांनी आपला उंट शांतपणे एक घर मागे, अगदी कोपऱ्यात सरकवला. पट्टी तीच, नजर तीच. अदलाबदल नाही म्हणजे नाही.

संयोगिता गालावर हात ठेवून बसून राहिली. त्या उंटाच्या वाटेत तिचा एकच घोडा उभा होता, सी-तीनवर. त्याच्यामागे, पट्टीच्या शेवटी, तिचा हत्ती. घोडा हलला की हत्ती गेला. हे पोरासोरांनाही दिसतं.

आणि मग तिला दुसरंच काही दिसलं. अंगावर सरसरून काटा आला. तिनं तीनदा मोजलं, चौथ्यांदा मोजायची भीती वाटली. अगं बाई, हे असं असतं? इतकी वर्षं ही पट्टी इथेच होती?

तिनं घोडा उचलला आणि पटाच्या मध्यावर ठेवला. हत्ती उघडा.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. घड्याळ चालू राहिलं. दहा मिनिटं. वीस. मागे मयंकनं कुणाला तरी कोपरानं ढोसलं. तीस मिनिटं झाली तशी संयोगिता पट सोडून काकांकडे बघू लागली. काका एवढं कशाचा विचार करताहेत? डावाचा, की तिच्या जागेचा? स्वतःचाच नियम मोडायची हिंमत गोळा करताहेत का?

एक्केचाळीस मिनिटांनी त्यांनी उंट उचलला आणि हत्ती मारला.

ज्यानं पंचेचाळीस वर्षं उंट सोडला नाही, त्यानं तो सोडला! कुणीतरी मागे "अरेरे" म्हणालं. संयोगिताला रडूच कोसळायचं बाकी होतं. दिला, काकांनी डाव दिला. पण हात थांबला नाही. तिनं वजीर उचलला आणि पुढे न आणता पहिल्या ओळीतूनच आडवा नेला, आपल्याच घराच्या कोपऱ्यात, आणि तिथल्या उंटाला मारलं.

आता त्या लांब पट्टीच्या दुसऱ्या टोकाला तिचा वजीर उभा होता. मध्ये एकही मोहरं नाही. वाट होती तशीच राहिली, फक्त तिच्यावरून यायची दिशा फिरली. वजीर सरळ जी-सातवर जाणार, त्याच्या पाठीशी एच-सहावरचा उंट, आणि राजाला हलायला जागा नाही. मात.

काका पटावर वाकले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एफ-प्यादं एक घर ढकलून त्यांनी वाट अडवली. तिच्या घोड्यानं ते प्यादं खाल्लं, शह. राजा बाहेर पळाला. घोड्यानं तिथून उडी मारून दुसरा उंटही खाल्ला, आणि त्याच उडीत काकांचा वजीर माऱ्यात आला, लांब पट्टीही पुन्हा मोकळी झाली. काकांनी घड्याळ थांबवलं आणि हार मानून हात पुढे केला.

संयोगितानं हात मिळवला, पण डोळे भरून आले होते. "काका, खरं सांगा. तुम्ही मुद्दाम घेतलात ना हत्ती?"

"काय?"

"तुम्हीच शिकवलंत, उंट सोडायचा नाही म्हणून. मला अशी भीक नको होती."

भास्कररावांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडलेच. "भीक? अगं, तुला हरवायला घेतला मी हत्ती! बस खाली."

त्यांनी भराभर मोहरी मागे लावली. "वजीर एफ-चारला आणशील वाटलं. मग माझा उंट ई-पाचला परत येतो, तुझ्या वजिरावर हल्ला, पट्टी बंद, आणि मी एका हत्तीनं पुढे. दुसरंच काही मारत बसलीस, तर वजीर परत आणायला मला एक खेळी मिळते. हे बघ, आणि हे." मोहरी धडाधड पडत होती. एकामागून एक, एक्केचाळीस मिनिटांत मोजलेलं सगळं. कुणाला सोडून द्यायचं असेल तर माणूस एवढं कशाला मोजेल? संयोगिताच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"हत्ती न घेता दुसरा उंट एफ-पाचला आणला असता तर खेळ लांबला असता," ते म्हणाले. "पण मला मोह झाला. तुझा वजीर पुढे येईल तेवढंच बघत बसलो. मागे, त्या कोपऱ्यात... छे! डोक्यातच आलं नाही."

मग ते उठले. "तू तिकडे बस."

"कुठे काका?"

"माझ्या जागेवर."

ते टेबलाला वळसा घालून पांढऱ्या बाजूला तिच्या खुर्चीत बसले. पटावर घोडा मध्यात होता, हत्ती खाल्लेला, वजीर कोपऱ्यात. भास्कररावांनी मान खाली घालून वजिराच्या मागून त्या पट्टीकडे पाहिलं, स्वतःच्या राजापर्यंत.

"पंचेचाळीस वर्षं," ते हळूच म्हणाले. "पंचेचाळीस वर्षं मी या पट्टीकडे तिकडूनच पाहत होतो गं."

आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. पटाला की तिला, ते संयोगिताला कळलं नाही. तिनं उठून त्यांच्या पायांना हात लावला.