परत आलेले पाच हजार

ओट्यावर दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर ठेवलेला फोन थरथरला आणि झाकण टणटणलं. सगळं घर झोपलेलं. मी धावत जाऊन आधी झाकण दाबलं, मग फोन उचलला, कारण खारू उठली असती तर माझा सकाळचा तो अर्धा तास गेलाच असता.

खारू म्हणजे माझी मुलगी. पाच वर्षांची. नाव वेगळं आहे, पण गालात काहीतरी कोंबून घरभर पळते म्हणून खारू.

मेसेज बँकेचा होता. पाच हजार जमा.

मला पाच हजार कोण देणार? नवऱ्याला हलवून विचारलं, तर तो डोळे न उघडता म्हणाला, "आले ना? मग झोप. गेले असते तर उठवायचं." आणि कुशीवर वळला.

मी टेबलाशी बसून स्टेटमेंट उघडलं. दिवसभर ऑफिसात मी हेच करते. कंपनीचे पैसे कुणाकुणाला गेले, कुणाचे परत आले, का आले, हे बँकेच्या तुटक ओळींतून शोधून काढायचं. त्यामुळे स्वतःच्या स्टेटमेंटची ओळ वाचायला मला एक क्षण लागला. सुरुवातीला RTN, म्हणजे परत आलेला व्यवहार. मग मूळ व्यवहाराचा लांबलचक क्रमांक. मग नाव, जे जागा संपली म्हणून निम्म्यात तोडलेलं. आणि शेवटी AC04.

काल, एक तारखेला, माझ्या खात्यातून आपोआप गेलेल्या पाच हजारांचा तोच क्रमांक होता. मावशीचे पैसे.

मावशी नात्याची नाही. खारू चार महिन्यांची असताना मी कामावर परत गेले, तेव्हापासून तीन वर्षांहून जास्त तिनेच खारूला सांभाळलं. खारू पहिलं पाऊल तिच्यासमोर टाकून मोकळी झाली, मला संध्याकाळी फक्त बातमी मिळाली. मग मावशीचा गुडघा गेला आणि ती मुलाकडे राहायला गेली. जायच्या आधी मी तिला बँकेत नेऊन खातं काढून दिलं. "माझ्या नावाचं खातं? त्यात काय घालू, गुडघा?" असं म्हणून ती काउंटरवरच्या मुलीला हसवत होती. मी म्हटलं, दर महिन्याला मी घालीन, तू फक्त काढ. औषधाला होतील. गेले चौदा महिने एकही एक तारीख चुकली नव्हती.

AC04 चा अर्थ मला झोपेतही सांगता येतो. समोरचं खातं बंद झालेलं आहे.

ऑफिसात हा कोड आला की आमचा एक ठरलेला मजकूर असतो. 'आपले खाते बंद आढळले, कृपया नवीन तपशील कळवावा.' पाठवायचा आणि पुढच्या ओळीकडे वळायचं. आजवर असे शंभर तरी पाठवले असतील. त्या शंभर खात्यांच्या पलीकडे काय झालं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

मी मावशीला फोन लावला. बंद. दात घासताना लावला, बंद. डबा भरताना लावला, बंद. तिच्या मुलाला लावावा म्हटलं, तर त्याचा नंबरच माझ्याकडे नव्हता. जी बाई तीन वर्षं माझ्या घरात वावरली, तिच्या मुलाचा नंबर मी कधी मागून घेतला नव्हता. तिच्या खात्याचे सोळा आकडे मात्र मला पाठ.

शनिवार होता. खारूची शाळा बंद, माझं ऑफिस अर्धा दिवस. शनिवारी ती माझ्याबरोबरच येते आणि रद्दी कागदांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढत बसते. रस्त्यात तिने दोनदा विचारलं, "तू इतकी पळवतेयस का मला?" मी पळत होते, हे मला तेव्हाच कळलं.

आमच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर एक्सरेकाका बसतात. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. स्टेटमेंटची ओळ बघून आतलं हाड कुठे मोडलंय ते सांगतात, म्हणून हे नाव. त्यांनी मला बघितलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"काय गं, कुणाचं पेमेंट बुडवलंस?"

"काका, AC04 आलाय. माझ्या घरचा." मी फोन पुढे केला. मावशी कोण ते त्यांना माहीत होतं. तिच्या हातच्या लोणच्याच्या बरण्या त्यांच्याही घरी गेल्या होत्या. "माणूस गेलं तरी खातं बंद होतं ना हो?"

हे वाक्य मी सकाळपासून तोंडात धरून ठेवलं होतं. खारू खुर्चीखाली खडू शोधत होती, तिने ऐकलं नसावं.

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. "तू असं कोड वाचतेस? इतकी वर्षं मी तुला हे शिकवलं?"

"सांगा ना."

"माणूस गेल्याचा कोड वेगळा असतो. सगळ्या बँका तो लावत नाहीत, तेही खरं. पण बँकेला कळलं की आधी खातं अडवतात. अडवलेलं म्हणजे AC06. बंद व्हायला मग दाखला लागतो, वारस लागतात, सह्या लागतात. आठवड्या-दोन आठवड्यांत सहसा आटपत नाही. तू शेवटचं बोललीस कधी?"

"दहा दिवस झाले."

"तेव्हा बरी होती?"

"गुडघ्याला शिव्या देत होती."

"मग बरी होती." त्यांनी चहाचा घोट घेतला. "बँकेने परस्पर बंद केलं म्हणावं, तर दर महिन्याला पैसे येणारं खातं कोण बंद करेल? हे कुणीतरी जाऊन बंद करून घेतलंय."

मला बरं वाटायला हवं होतं. उलट दहा दिवसांपूर्वीचा तो फोन आठवला. मावशीचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते, म्हणून स्पीकर लावला होता. बोलून झालं, ती "ठेवते गं" म्हणाली, आणि मला वाटलं तिने ठेवला. तेवढ्यात नवरा फ्रिज उघडत म्हणाला, "काय, एक तारीख जवळ आली वाटतं? हप्ता वसुलीचा फोन?" तो सगळ्यांचीच चेष्टा करतो. मावशीसमोरही करायचा आणि तीही त्याला पुरून उरायची. मी हसले. खरंच हसले. मग ओट्यावरून एक बारीक टक् असा आवाज आला. फोन तेव्हा ठेवला गेला होता.

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. स्वतःलाही 'नेटवर्क' असं सांगून ठेवलं होतं.

"आता मला एक सांग," काका म्हणाले, "खातं शून्य केल्याशिवाय बंद होत नाही. मग त्यातली शिल्लक गेली कुठे?"

"मला काय माहीत? काढून घेतली असेल. तिचेच पैसे होते."

"असेल. तुझं स्टेटमेंट नीट बघितलंस?"

"बघितलं ना. पाच हजार गेले, पाच हजार आले."

"पाच हजारच बघितलेस ना?" ते माझ्याकडे बघत राहिले. "फिल्टर काढ."

ऑफिसातली सवय. रक्कम टाकायची, तेवढ्याच ओळी समोर आणायच्या, जोडी जुळवायची, बंद करायचं. सकाळी मी घरच्या खात्यातही तेच केलं होतं. पाच हजार टाकले होते, आणि पाच हजार नसलेलं सगळं आपण होऊन लपलं होतं.

मी फिल्टर काढला. सगळ्या ओळी धावत खाली आल्या. किराणा, वीज, शाळेची फी. अठ्ठावीस तारखेला माझा पगार. आणि पगाराच्या खालीच एक जमा, एकाहत्तर हजार तीनशे बारा. त्या दिवशी फोन दोनदा वाजला होता, हे आता आठवलं. 'जमा' एवढं वाचून मी पगार झाला म्हणून फोन पालथा घातला होता.

ओळीत लिहिलं होतं, खाते बंद केल्याची शिल्लक. पुढे पाठवणाऱ्या खात्याचे शेवटचे चार आकडे. मला पाठ असलेले.

काकांनी टेबलावर बोटाने हिशेब मांडला. मला मांडावा लागला नाही. चौदा गुणिले पाच, सत्तर. वरचे तेराशे बारा म्हणजे व्याज. त्या खात्यात दुसरं काही कधी आलंच नव्हतं, आणि चौदा महिन्यांत एक पैसाही त्यातून निघाला नव्हता.

"व्याजासकट," काका हळू म्हणाले. "हे करायला स्वतः जावं लागतं. फॉर्मवर सही, आणि शिल्लक कुठे पाठवायची ते खातं स्वतः लिहून द्यावं लागतं. म्हणजे अठ्ठावीस तारखेला बाई ठणठणीत होती. दुखऱ्या गुडघ्याने बँकेचा जिना चढलेली." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "शेऱ्यात काही लिहिलंय का?"

शेरा रिकामा होता. मी ओळ पुढे सरकवली, मागे सरकवली. पाठवणाऱ्याचा संदेश, काही नाही. खातं का बंद केलं ते सांगायला आमच्या यादीत एकही कोड नाही.

"लाव फोन," काका म्हणाले.

"सकाळपासून बंद आहे."

"परत लाव."

लावला. या वेळी रिंग वाजली. मी उभी राहिले. एक. दोन. आता ती म्हणेल, 'काय गं, खारू जेवली का?' तिचं पहिलं वाक्य नेहमी तेच असतं. तिसरी रिंग अर्ध्यात तुटली. आपोआप थांबली नाही. कुणीतरी कापली.

काका उठले आणि कप विसळायला निघून गेले. कप विसळायला आमच्याकडे बाई आहे.

खारू खुर्चीखालून बाहेर आली होती. तिच्या हातातल्या कागदाच्या मागच्या बाजूला जुनं स्टेटमेंट होतं आणि पुढच्या बाजूला एक लांब केसांची बाई. एक पाय जाडा, सुजलेला. मावशी.

"मावशी होती फोनवर?"

"हो. बिझी आहे ती."

"तू पैसे पाठवले ना तिला? मग ते इकडे कसे आले?"

"परत आले. कधी कधी येतात. ज्या घरी पाठवतो ना, त्या घराचं दार बंद असलं की परत येतात."

"दार कोणी बंद केलं?"

"मावशीनेच."

तिने कागद माझ्या कीबोर्डवर ठेवला आणि जाड्या पायावरून बोट फिरवत विचार केला. तिच्या बोटाला निळा खडू लागला होता.

"आई, आपण काय केलं म्हणून तिने दार बंद केलं?"