दत्तूच्या नावाची दुरुस्ती

तुमचा विश्वास बसणार नाही, ललित तर आधीच हसायला लागलाय, पण सांगतो. सुरतेत, लिंबायतच्या आमच्या कापड कारखान्यात लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट इतका असायचा, की छपरावरची कबुतरंसुद्धा घुमायचं सोडून पंखांनी खाणाखुणा करायची.

"आप्पा, कबुतरं राहू द्या," ललित म्हणाला. तो आमच्या घराच्या ओट्याला टेकवलेल्या आपल्या रिक्षातच पाय पसरून बसला होता. "मयुरीच्या फोटोचं सांगा."

बरं. त्यात मात्र हसण्यासारखं काही नाही.

फेसबुकवर 'लिंबायतचे जुने दिवस' म्हणून माझं पान आहे. गोडादऱ्यापासून धुळ्यापर्यंत माणसं वाचतात. तिथे मी एक जुना फोटो टाकला. पाळी बदलायच्या वेळचा, मागांपाशी टोपी घातलेला माणूस, चेहऱ्यावर सुताची धूळ. खाली लिहिलं, 'हा आमचा पांडुरंग. याच्यासारखा कारागीर पुन्हा झाला नाही.' माणसांनी भराभर पुढे पाठवला.

मग त्याखाली मयुरी नावाच्या मुलीची कॉमेंट आली. 'काका, हे पांडुरंगकाका नाहीत. हे माझे वडील, दत्तू. त्याच मागांवर रातपाळीला होते. मी लहान असताना गेले. आमच्या घरी त्यांचा एकही फोटो नाही.'

आता आमची चूक समजून घ्या. मागांच्या एका जोडीवर दोन माणसं, एक दिवसाचा, एक रातीचा. मी दिवसपाळीचा. त्या मागांपाशी उभा तो पांडुरंग, हे माझ्या डोक्यात असं बसलेलं, की चेहरा पाहायची गरजच वाटली नाही. माग ओळखला आणि माणूस ठरवून टाकला.

खाली माझ्या पानावरची माणसं तुटून पडली होती तिच्यावर. 'आप्पा तिथे होते, तू होतीस का?' 'लाइकसाठी बाप बदलतेस?' असलं.

मी आधी आता शिरपूरला राहणाऱ्या पांडुरंगला फोन लावला आणि फोटो पाठवला. त्यानं फोटो पाहिला. मग मला नावानं हाक मारत म्हणाला, "उखा, हा मी नाय रे. दत्तू आहे. माझा जोडीदार. माग माझ्या हाती द्यायचा तेव्हा रोज पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा." आणि फोनवरच रडला.

मग मी उत्तर लिहिलं. तिच्या कॉमेंटच्या खालीच, सगळ्यांना दिसेल असं:

'मयुरी, तू बरोबर आहेस आणि मी चुकलो. पांडुरंगला विचारून खात्री केली. फोटोतले दत्तूच आहेत. तुझ्या वडिलांच्या चेहऱ्याला मी दुसऱ्याचं नाव दिलं, त्याबद्दल माफ कर. तू सांगितलंस म्हणून ते नाव परत मिळालं. तुझे आभार.'

एवढंच. 'वय झालं', 'फोटो अंधुक होता', 'कुणाला वाईट वाटलं असेल तर', यातलं काही नाही. लांबलचक रडगाणंही नाही, नाहीतर तिलाच माझी समजूत काढत बसावी लागली असती.

तिची कॉमेंट पिन करून सगळ्यात वर ठेवली. पोस्ट काढून टाकली नाही. काढली असती तर मयुरी खोटी पडली असती आणि शिव्या तेवढ्या लोकांच्या लक्षात राहिल्या असत्या. फोटोखाली आधी 'दुरुस्ती' लिहून खरं नाव घातलं, आणि मी आधी काय चुकीचं लिहिलं होतं तेही राहू दिलं. भांडणाऱ्यांना लिहिलं, 'माझी बाजू घेऊ नका. ती खरं बोलली. तिची माफी मागा.' काहींनी मागितली. ज्या ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फोटो टाकला होता, तिथे दुरुस्तीही टाकली. आणि मूळ फोटो, फेसबुकनं बारीक केलेला नव्हे, तिला वेगळा पाठवला.

तिचा निरोप आला. 'आईनं फोटो मोठा करून घेतलाय. म्हणते, टोपी अशीच तिरकी असायची.'

ललितनं पाय खाली घेतले.

"पण आप्पा," तो म्हणाला, "चारचौघांत पोरीनं चूक काढली. थोडा तरी राग आला असेल?"

"राग? मला?" मी म्हणालो. "वाचलं आणि त्याच क्षणी हात जोडले. मनात कसला म्हणून विचारही आला नाही."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि माझी बायको भागीरथी दारात येऊन उभी राहिली.

"खोटं!" ती म्हणाली. "पहिलं उत्तर काय लिहिलं होतं ते सांगा ना यांना. 'तुझ्या बापाचा फोटो नाही, तर मी काय करू?' मी फोन हिसकावला म्हणून ते गेलं नाही. आणि पांडुरंगभाऊंना फोन लावला तो मी!"