एक दिवस जादा

मावशीचं काम सांगायला गेलं तर लोकांना हसू येतं. भाड्याच्या जागांची कामं बघणाऱ्या एका ऑफिसात ती करारनामे तपासते. मुदत किती लिहिली, सुरू कधी, संपते कधी, आणि या तिघांचं एकमेकांशी पटतं का, एवढंच बघायचं. पटलं की कोपऱ्यात बरोबरची खूण करायची आणि पुढचा कागद ओढायचा. बावीस वर्षं तिने हेच केलं. भाडं, रंगरंगोटी, पाण्याचं बिल यांवर लोक तासन्‌तास भांडतात, तारखांकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. म्हणूनच कुणीतरी बघावं लागतं, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते ती जरा ताठ्यानेच सांगायची.

तो ताठा एक जूनला उतरला.

त्या दिवशी भाची नव्या खोलीत राहायला जाणार होती. भाचीची आई, म्हणजे मावशीची सख्खी थोरली बहीण, डिसेंबरात गेली. तेव्हापासून पोरगी त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत एकटीच राहत होती आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती. शेवटी मावशीनेच ही वरच्या मजल्यावरची खोली शोधली, करार स्वतः तपासला. एक जूनपासून, तो दिवस धरून, एक वर्ष. शेवट एकतीस मे. चोख काम. पोरगी इथे रुळली तर बरं, नाहीतर तिचं काही खरं नाही, ही धास्ती मावशीला रात्रंदिवस होती.

अकराच्या सुमाराला फोन वाजला.

"मावशी, खोलीत कुणीतरी आजोबा बसलेत," भाची म्हणाली. "घड्याळ दुरुस्त करतायत. म्हणतात, आज माझा दिवस आहे."

त्या खोलीत आधी एक घड्याळवाले आजोबा राहायचे खरे. पण ते फेब्रुवारीत वारले होते. तशी नोंद मावशीनेच त्यांच्या फायलीत लावली होती, आणि त्यांचा पुतण्या येऊन सामान घेऊन गेला होता. आगाऊ भाडं भरलेलं असल्याने करार कुणी मोडला नव्हता. मुदत संपेपर्यंत खोली बंद राहिली, एवढंच.

तिने कपाटातून ती फाईल काढली. मुदत: एक वर्ष. सुरुवात: गेल्या वर्षीचा एक जून, तो दिवस धरून. शेवट: या वर्षीचा एक जून, तोही दिवस धरून.

म्हणजे एक वर्ष आणि वर एक दिवस. आणि कोपऱ्यात तिचीच खूण.

तिला सगळं आठवलं. गेल्या मे महिन्यात साहेबांनी कॉम्प्युटरवर नवा फॉर्म आणला होता. सुरुवातीची तारीख टाकली की शेवटची आपोआप पडायची, तोच दिवस, तोच महिना, फक्त वर्ष पुढचं. एरवी तिने ते एका नजरेत पकडलं असतं. पण तेव्हा बहीण दवाखान्यात होती, मावशीचा एक पाय तिथे आणि एक ऑफिसात. पंधरा-वीस दिवस तिने डोळे झाकून खुणा केल्या. जूनच्या मध्यावर चूक दिसली तेव्हा फॉर्म दुरुस्त करून घेतला, जुने कागद मात्र तसेच ठेवले. एका दिवसाने कुणाचं काय बिघडतंय, असं तेव्हा वाटलं होतं.

ती फाईल आणि भाचीच्या कराराच्या प्रती काखोटीला मारून निघाली. भाची जिन्यात बॅगांवर बसली होती. दार उघडंच होतं. आदल्या दिवशी मावशीने खोली पाहिली तेव्हा आत केरसुणीसुद्धा नव्हती. आता खिडकीपाशी टेबल होतं, भिंतींवर सात-आठ घड्याळं चालू होती, आणि आजोबा डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळावर वाकले होते. खिडकीतून ऊन येत होतं. टेबलाची सावली जमिनीवर पडली होती, आजोबांची पडली नव्हती.

मावशीला नोकरीने लावलेली सवय दांडगी. "तुमची मुदत एक वर्षाची होती," ती म्हणाली. "एक जून धरून मोजलं तर काल संपली."

"बरोबर आहे," आजोबा म्हणाले. त्यांनी टेबलावरची आपली प्रत तिच्याकडे सरकवली. "पण खाली आजची तारीख आहे. मुदत तुम्हीच लिहिलीत, तारीखही तुमचीच, खूणही तुमची. मी आपलं वाचलं आणि आलो. दोहोंतलं खरं कुठलं, तेही आता तुम्हीच सांगा. मुदत खरी म्हणालात तर हा उठलो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्याचीच तिला जास्त भीती वाटली. उठले तर कुठे जातील, हे विचारायची तिची छाती झाली नाही. तिने त्या उघड्या घड्याळाकडे पाहिलं. अजून चार चाकं बसायची होती.

"तारीख खरी," ती म्हणाली.

आजोबांनी मान डोलावली आणि पुन्हा कामाला लागले.

मग मावशीने जे करायचं ते केलं. भाचीच्या कराराच्या दोन्ही प्रती जिन्यातच गुडघ्यावर ठेवल्या, सुरुवात खोडून दोन जून लिहिली. नुसती सुरुवात बदलून भागत नाही, शेवट तसाच ठेवला तर वर्ष एक दिवसाने तोकडं पडतं. म्हणून एकतीस मे खोडून पुढचा एक जून लिहिला, आणि बोटांवर दोनदा मोजलं. बदलाशेजारी भाचीची सही घेतली, तळमजल्यावर मालकीणबाईंची.

"वर तर रिकामंच आहे की," मालकीणबाई कुरकुरल्या. "आज का नको? आणि ही टिकटिक कसली येतेय सकाळपासून?"

मावशीने सहीची जागा बोटाने दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गेल्या. टेबल नव्हतं, घड्याळं नव्हती. जमिनीवर महिन्यांची धूळ जशीच्या तशी होती, तिच्यावर पाऊल फक्त मावशीचं, दारापासून खिडकीपर्यंत. तेव्हा मावशीने आजोबा फेब्रुवारीतच वारल्याचं आणि त्यांच्या करारातल्या जादा दिवसाचं सांगून टाकलं. पोरगी घाबरेल, बॅगा उचलून परत जाईल, असं तिला वाटत होतं. भाचीने बॅगा आत आणून भिंतीशी ठेवल्या.

"मावशी," ती म्हणाली, "आमच्या घराचा करार कुणी तपासला होता?"

मावशी तडक ऑफिसात गेली आणि त्या पंधरा-वीस दिवसांतले सगळे कागद काढून बसली. एकेचाळीस निघाले. चाळिसांची दुरुस्तीपत्रं तिने त्याच दिवशी तयार केली. ज्यांची मुदत अजून संपायची होती त्यांत शेवटची तारीख एक दिवस मागे घेतली आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांसाठी पाठवून दिली. ज्यांची संपली होती त्यांवर तशी टीप लावली.

एकेचाळिसावा बहिणीचा होता. दहा जून धरून एक वर्ष, शेवट दहा जून. सही बहिणीची, थरथरती, दवाखान्यातल्या कॉटवर केलेली. तो मात्र तिने हातात धरला आणि पोटभर रडली. मग दुरुस्ती न करता तो तसाच फायलीत ठेवला.

त्या घरात येणाऱ्या नव्या कुटुंबाचा कच्चा करार टेबलावर तपासायला पडलेला होता. सुरुवात दहा जून, शेवट पुढच्या वर्षीचा नऊ जून, मुदत एक वर्ष. त्यात काडीचीही चूक नव्हती. मावशीने त्यांना फोन लावला.

"एक दिवस उशिरा याल का?" ती म्हणाली. "दहा तारखेपर्यंत जुन्या भाडेकरूंचा हक्क आहे."

ते हो म्हणाले. तिने सुरुवात अकरा जून केली, शेवट दहा जून केला, मोजलं, खूण केली. मग भाचीला कळवलं की घराची चावी अजून परत करू नकोस, आणि दहा तारखेला आपण दोघी सकाळी लवकर तिकडे जाऊ.