परतीची रक्कम

कारखान्याच्या हिशेब विभागात त्या बुधवारी जो उत्साह संचारला होता, तो एरवी फक्त बोनसच्या यादीच्या नशिबी येतो. धुळा कोळेकर विमानात बसणार होता. शेती विभागातला हा सहायक, गाव कवठे महांकाळकडचं; कोइमतूरला ऊसबेण्याच्या प्रशिक्षणासाठी त्याची निवड झाली होती. खिडकीजवळची जागा मिळाल्याची बातमी त्यानं प्रत्येक टेबलाला दिली होती. शिपायाला दोनदा.

"मॅडम, तेवढी तसलमात काढा. रात्री इस्लामपुरातनं पुण्याची गाडी हाय."

तसलमात म्हणजे दौऱ्याला निघताना मिळणारी आगाऊ रक्कम. हिशेब अधिकारी राजेश्वरी पवार यांनी संगणकात पाहिलं.

"तुझी मागची, पुण्याच्या दौऱ्याची, अजून उघडीच आहे. ती मिटल्याशिवाय नवी निघत नाही."

धुळाचं विमान जागेवरच थांबलं.

"आवं, बिलं हायत की!" त्यानं पिशवीतून एसटीची तिकिटं, लॉजची पावती, सगळं काढलं. "पैसं आलं की देणार हुतो."

"कुठले पैसे?"

"परतीचं. परिपत्रकात लिवलंय न्हवं?"

राजेश्वरींनी मागचं परिपत्रक काढलं. त्यात एकच वाक्य होतं: 'अखर्चित परतीची रक्कम देयकांसह विहित मुदतीत समायोजित करावी.'

"मग?"

"मग काय? उसाच्या बिलातनं परतीची ठेव कापत्यात, ती कारखाना आपल्याला परत देतो. तशीच ही परतीची रक्कम. ती आली की तिच्यासंगं बिलं द्यायची. आमी समदेच वाट बघतुया."

"समदे म्हणजे?"

"आख्खा शेती विभाग."

राजेश्वरी खुर्चीतून उठल्याच. थकलेल्या तसलमातींवरून कारखान्याचे मोठे साहेब महिनाभर ओरडत होते. कर्मचारी पैसे दाबून बसलेत, असं त्यांचं मत. कर्मचारी इकडे कारखाना पैसे दाबून बसलाय, असं मानून गप्प होते.

त्यांनी धुळाची बिलं भराभर चाळली. "आणि उरलेले तेराशे चाळीस?"

"ते हायत खिशात. पर ते उरल्यालं हाय. परतीचं न्हाई."

नेमकं त्याच वेळी शेजारच्या टेबलावर कार्यालय अधीक्षक लालासाहेब निकम तसलमातीच्याच नव्या परिपत्रकावर हात फिरवत होते. ते आजच लागायचं होतं. फिरवून फिरवून त्यांनी 'विहित' शब्द तीन ठिकाणी बसवला होता.

"लालासाहेब, 'परतीची' काढा. 'उरलेले पैसे रोखपालाकडे भरावेत' असं लिहा."

"उरलेले पैसे? मॅडम, हे परिपत्रक हाय, किराणा दुकानाची पाटी न्हवं."

"धुळा, इकडे ये. हे वाच."

धुळानं लालासाहेबांचा मसुदा मोठ्यानं वाचला आणि आदरानं विचारलं, "म्हंजी कारखाना किती देणार?"

लालासाहेबांनी निमूटपणे पेन पुढं केलं.

मग जे सुरू झालं, ते लिलावासारखं होतं. राजेश्वरी वाक्य टाकत, धुळा अर्थ सांगे, लालासाहेब उसासा सोडत. भोवती अख्खा शेती विभाग जमला. 'देयके' पडलं, 'बिले' आली, तेव्हा मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेवटी ठरलं ते असं: दौऱ्यावरून परतल्यावर सात दिवसांत हिशेबाचा फॉर्म भरा. तिकिटं आणि लॉजची मूळ बिलं जोडा. रिक्षासारख्या किरकोळ खर्चाचं बिल मिळत नसेल, तर तसं लिहून सही करा. उरलेले पैसे तुम्ही कारखान्याच्या रोखपालाकडे भरा आणि त्यांची पावती फॉर्मला लावा. खर्च तसलमातीपेक्षा जास्त झाला असेल, तर मंजुरीनंतर वरचे पैसे कारखाना तुम्हाला देईल.

"आता सांग, कोण कुणाला देणार?"

"उरलं तर मी. कमी पडलं तर कारखाना." धुळा एकदम ओरडला, "आयला! रोखपालाची खिडकी तीनला बंद हुती!"

तीनला दहा मिनिटं होती. तो पळाला. त्याच्यामागं, कागद अजून प्रिंटरमधून यायचा होता तरी, शेती विभाग पळाला. रोखपाल आप्पासो जाधव यांनी आयुष्यात पैसे मागणारी रांग पाहिली होती. पैसे भरायला धक्काबुक्की पहिल्यांदाच. त्यांनी आधी हिशेब विभागात फोन करून काही बरंवाईट झालंय का विचारलं, मग खिडकी उघडी ठेवली.

धुळानं पावती लावली, शेती अधिकाऱ्यांची सही पळत आणली. राजेश्वरींनी बिलं तपासून बेरीज जुळवली आणि जुनी नोंद मिटवली. पाच वाजता नवी तसलमात त्याच्या हातात होती. लालासाहेबांनी फलकावर परिपत्रक लावलं आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून तळाशी पेनानं एक 'विहित' घातलाच.

फाटकातून धुळानं आईला फोन लावला. हरणाबाईंनी पलीकडून काय सांगितलं ते रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू आलं.

"पैसं उरलं तर मला एक साडी आण."

"उरलं तर भरायचं असत्यात, आये. तसं लिवलंय."



"मग उरायच्या आदी आण."