दुःख म्हणजे घडीची खुर्ची

शैलीविज्ञानाच्या वर्गातली सगळ्यात वयस्क विद्यार्थिनी म्हणजे सिस्टर. बावीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्सची नोकरी झाल्यावर तिनं एम.ए.ला नाव घातलं होतं. प्रबंधासाठी तिनं स्वतःच्या थोरल्या बहिणीची ओळ निवडली. भाऊजी गेल्यावर ताईनं वहीत लिहिलं होतं : ‘दुःख म्हणजे घडीची खुर्ची.’

सरांनी नाक मुरडलं. “फसलेलं रूपक आहे. वाचक अडखळणार.”

“अडखळतो का ते मोजून बघते,” सिस्टर म्हणाली.

तिनं चाळीस वाचक जमवले. ओळ कुणाची, हे कुणालाच सांगितलं नाही. तुलनेसाठी ‘दुःख म्हणजे समुद्र’ ही रुळलेली ओळही ठेवली. पडद्यावर एका वेळी ओळीचा एकच तुकडा येई. कळ दाबली की तो पुसून पुढचा. प्रत्येक तुकड्यावर किती वेळ गेला ते संगणक टिपून घेई. शेवटी, मनात काय आलं ते लिहायचं.

तोंडी परीक्षेत सरांनी आकडे वाचले आणि खूश झाले. “बघा! ‘दुःख म्हणजे समुद्र’ झरकन वाचलं. तुमच्या खुर्चीवर सगळे अडकले.”

“हो. सातशे मिलिसेकंद.”

“शब्द लांब आहेत, म्हणून असेल.”

“ती शंका मलाही आली होती. म्हणून ‘कोपऱ्यात होती घडीची खुर्ची’ हेही वाचायला दिलं, दुसऱ्या गटाला. तेच शब्द, पण चारशेच. वरचे तीनशे तुलनेचे आहेत.”

“म्हणजे फसलंच की!”

“त्या तीनशेत काय झालं ते वाचा ना, सर.” तिनं उत्तरांचा गठ्ठा पुढे सरकवला. “समुद्राला बहुतेकांनी एकच शब्द लिहिला, ‘खोल’. तो अर्थ आधीच तयार होता. खुर्चीचा कुणाकडेच तयार नव्हता, तो जुळवावा लागला. लाकूड, रंग, किंमत कुणीच घेतलं नाही. मिटून भिंतीला लावता येतं, माणसं आली की उघडावं लागतं, तेवढंच दुःखाला लावलं. एकानं लिहिलंय, ‘दुसऱ्यासाठी उघडताना बोट आपलंच चेमटतं.’ हे नुसत्या खुर्चीत नाही आणि नुसत्या दुःखातही नाही. दोन्ही एकत्र आल्यावर निघालं.”

“उलटं करून पाहिलंत?” बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं.

“पाहिलं. ‘घडीची खुर्ची म्हणजे दुःख’ म्हटलं, तर लोकांनी खुर्चीलाच शिव्या घातल्या. पाठ दुखते, म्हणाले.”

बाई मोठ्यानं हसल्या. सर हसले नाहीत. “निष्कर्षात ‘रूपक अयशस्वी’ एवढं लिहा. अ श्रेणी देतो.”

सिस्टरचे कान तापले. एवढ्या वर्षांत कुणाच्या सांगण्यावरून तिनं तापाच्या तक्त्यावरचा एक आकडा बदलला नव्हता.

“नाही लिहिणार. वाचक थांबला आणि काहीतरी घेऊन पुढे गेला. मी तेच लिहिलंय, तेच राहील.”

बाईंनी अ सुचवली, पण विभागप्रमुख सरच होते. ब मिळाली.

बाहेर व्हरांड्यात येऊन तिनं ताईला फोन लावला. “तुझ्या ओळीला ब मिळाली गं.”

“माझ्यापायी तुझं नुकसान झालं का?”

“छे! वहीत अजून किती ओळी आहेत? सगळ्या पाठव. पुढचा, पीएच.डी.चा प्रबंधही याच विभागात करणार आहे मी.”