पुन्हा अवश्य यावे

"भाऊसाहेब, ह्ये जरा नीट करून द्या. वाचनारानं हसू न्हाय, बास."

धुरपदाबाईंनी वहीचा फाडलेला कागद वैजनाथरावांच्या हातात दिला आणि स्वतः उंबऱ्याबाहेरच बसल्या. नवरा जाऊन दोन महिने झालेली बाई, दुसऱ्याच्या घरात सहसा शिरत नव्हती. नवरा, बलभीम, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ऐन दिवाळीत गेले.

वैजनाथरावांनी चष्मा लावला. धाराशिवच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी छत्तीस वर्षं कारकुनी केली होती. साहेब लोक यायचे, बदलून जायचे. मसुदा मात्र वैजनाथरावांचाच. रिटायर झाले, बायको गेली, मुलगी लातूरला नांदायला गेली; पण हातातलं लाल शाईचं पेन काही सुटलं नाही. गल्लीतल्या कुणाचाही अर्ज, पत्रिका, श्रद्धांजलीचा फलक आधी त्यांच्या नजरेखालून जायचा. लग्नपत्रिकेतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली तर ते लग्नात जेवायचे, पण कुरकुरत.

"कुणाला लिहिलंय?"

"सिताबाईला. समोरच्या."

वैजनाथरावांनी मान वर केली. धुरपदाबाई आणि सिताबाई यांच्यात अकरा वर्षं अबोला होता, हे गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं. नळाच्या पाइपवरून बाचाबाची झाली, एक घागर फुटली आणि दोन्ही घरांची दारं एकमेकांच्या तोंडावर असूनही बोलणं बंद पडलं ते पडलंच.

"येळवशीला आली व्हती," धुरपदाबाई म्हणाल्या. "भज्जी, उंडे, आंबील, समदं घिऊन."

आता यात नवल नव्हतं आणि होतंही. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा सण. पण ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात पहिल्या सणाला चूल पेटत नाही. शेजाऱ्यानं शिजवून आणायचं, दोन घास आपल्या हातानं भरवायचे, तेव्हा कुठं त्या घराला पुढचे सण मोकळे होतात. सिताबाईंनी तेवढं केलं होतं. स्वतःचा नवरा, बिराप्पा, आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिसला जात होता, तरीही केलं होतं.

"मग तोंडानं बोला की. कागद कशाला?"

"निघतंय का त्वांडातून? ती घास भरवाया लागली अन् माजा गळाच भरला. ती बी रडली, म्या बी रडले. ती गेली उठून. आता डबा परत द्याचाय. दुखाच्या घरचा डबा भरून देत न्हाईत, अन् रिकामा द्याला जीव व्हत न्हाय. म्हटलं, कागुद घालावा."

वैजनाथरावांना हे फार आवडलं. डब्यातून आभारपत्र! ते खुर्चीत सरसावून बसले आणि वाचू लागले.

'सिताबाईस. तुमी येळवशीला भज्जी आनली आंबील आनली. म्या काय बोलले न्हाय. त्वांडातून शबुद निगाला न्हाय. आकरा वरसं आपुन बोललो न्हाय त्याचं लई वाईट वाटतं. ह्येनला भज्जी लई आवडायची. तुमी हातानं घास दिला त्यो इसरनार न्हाय. परत येऊ नगा. धुरपदा.'

"छान आहे," ते म्हणाले, आणि खरंच तसं वाटलं त्यांना. "फक्त थोडं झाडून घेऊ."

झाडून घेणं म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावं. आधी मायना. 'सिताबाईस' म्हणजे कोर्टाची नोटीस वाटते, म्हणून 'प्रिय सिताबाई, सप्रेम नमस्कार'. मग जे आणलं त्याचं नाव तसंच ठेवायचं. 'आपण आणलेले खाद्यपदार्थ' लिहिलं की ऊब गेली. 'आनली' दोनदा आलं होतं, एकदा पुरे. 'लई'ला मात्र त्यांनी स्वतःलाच हात लावू दिला नाही. 'खूप' लिहिलं असतं तर बाई हरवली असती. शब्द निघाला नाही, हे वाक्य तर जसंच्या तसं, फक्त शुद्ध करून. अकरा वर्षांच्या ओळीवर मात्र पेन थांबलं.

"हे काढू. आभारात भांडणाची आठवण नको."

"तुमाला ठावं," धुरपदाबाई म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा जरा उतरला.

तेवढ्यात गल्लीत हाकाटी झाली, "पाणी आलं! पाणी आलं!" आठ दिवसांनी नळ आला होता. धुरपदाबाई पदर खोचून धावल्या. कागद वैजनाथरावांपाशी राहिला, आणि शेवटची ओळ राहिली.

'परत येऊ नगा.'

छे छे! हे काय भलतंच? एवढं गोड लिहून शेवटी हाकलून द्यायचं? अबोल्याचा राग अजून तळाशी आहे म्हणायचा. विचारावं म्हणून ते दारापर्यंत गेले. तर धुरपदाबाई नळाला पाइप जोडत होत्या, आजूबाजूला चार बायका. असल्या गर्दीत कसं विचारायचं? शिवाय त्यात विचारायचं काय होतं? आभारपत्राचा शेवट छत्तीस वर्षं त्यांच्या बोटांत बसलेला. त्यांनी ती ओळ खोडली आणि पाठकोऱ्या नव्हे, खास कोऱ्या कागदावर वळणदार अक्षरात सगळं उतरवलं. खाली लिहिलं: 'असाच लोभ ठेवावा. पुन्हा अवश्य यावे. तुमची, धुरपदा.' कच्चा मसुदा सवयीप्रमाणे चार तुकडे करून टोपलीत टाकला. पक्की प्रत झाली की कच्ची फाडायची, नाहीतर घोटाळे होतात, असं ते नव्या पोरांना नेहमी सांगत.

"झालं का नीट?" संध्याकाळी धुरपदाबाईंनी विचारलं.

"एकदम."

धुरपदाबाईंनी कागदावरून बोट फिरवलं. छापील अक्षर त्यांना अडखळत वाचता येई; असलं कचेरीचं वळण कुठून येणार? घडी घालून त्यांनी कागद डब्यात ठेवला, आणि डबा सिताबाईंच्या सुनेच्या, मोनिकाच्या, हातात दिला.

त्यानंतर समोरचं दार गप्पच राहिलं. धुरपदाबाई रोज सकाळी सडा टाकताना समोर बघायच्या. "आजारी मानूस हाय घरात, सवड न्हाई मिळाली," असं स्वतःलाच सांगायच्या. वैजनाथरावांनाही एक-दोनदा म्हणाल्या, "वाचलं असंल की न्हाय हो?"

संक्रांतीनंतर आठवड्यानं बिराप्पा गेला. सोलापूरलाच, मशीनवर असताना. दुपारी गाडी गल्लीत आली. पुरुषमंडळी रस्त्याच्या कडेला उभी, बायका आत. वैजनाथराव पुरुषांत होते. धुरपदाबाई पदर तोंडाला लावून सिताबाईंच्या दारात पोचल्या, आणि आतून जो आवाज आला तो सगळ्या गल्लीनं ऐकला.

"आलीस का बघाया? झालं का तुज्या मनासारखं? दुखाचा घास घिऊन आले तर मला म्हनतीस पुन्हा अवश्य यावे? असंच पुन्हा यावं? कुनाचं मढं पायजे व्हतं गं तुला?"

"म्या? अगं सिताबाई, म्या कवा..."

"नाव हाय तुजं खाली! मोनिकानं वाचून दावलं मला!"

वैजनाथरावांच्या कानाला ते तीन शब्द लागले. अहो, हे तर लहान पोरालाही कळतं! दुःखाच्या घरून निघताना जाणारा 'येतो' म्हणत नाही आणि घरचा माणूस 'या' म्हणत नाही. असल्या कामानं पुन्हा कुणी यायला लागू नये, म्हणून. बायको गेली तेव्हा त्यांच्या दारातून शंभर माणसं मुकाट्यानं उठून गेली होती. धुरपदाबाईंनी लिहिलं होतं ते हेच होतं, परत येऊ नगा. असल्या कामानं यायची वेळ तुमच्यावर पुन्हा न येवो. आणि वैजनाथरावांनी सण पाहिला, आभार पाहिले, दुःख पाहिलंच नाही.

त्याच क्षणी पुढं होऊन सांगायचं होतं. सांगितलं नाही. तिरडी बांधायची चालली होती, कुमार, बिराप्पाचा मुलगा, भिंतीला टेकून उभा होता, सगळे बघत होते. वैजनाथराव खाली मान घालून उभे राहिले. धुरपदाबाई एकट्या आपल्या दारापर्यंत चालत आल्या.

तेरावा झाल्यावर ते सिताबाईंकडे गेले. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

सिताबाईंनी ऐकून घेतलं. "भाऊसाहेब, तुमी भला मानूस. तिच्यापायी आळ आपल्या अंगावर घ्याला आलासा."

"नाही हो, खरंच! अक्षर माझं आहे, बघा ना."

"अक्षार तुमचं असंल. सांगनारी ती."

"तिनं उलट लिहिलं होतं. परत येऊ नका, असं."

"मग दावा."

वैजनाथरावांचा हात सवयीनं खिशाकडे गेला.

"व्हता म्हनता त्यो कागुद, दावा की."

"फाडला."

सिताबाईंनी मान हलवली आणि त्या आत गेल्या.

धुरपदाबाईंनाही त्यांनी सांगितलं. शिव्या द्याव्यात, निदान रडावं, असं त्यांना वाटत होतं. त्या सुपातल्या तांदळातले खडे वेचत राहिल्या.

"म्या लिव्हलं व्हतं तसं का ठिवलं न्हाय तुमी?"

"मला वाटलं, तुम्हाला राग आहे तिचा अजून."

"राग असता तर लिव्हलं कशापायी असतं, भाऊसाहेब?"

शिमगा आला. सिताबाईंच्या घरचा पहिला सण. गल्लीत बाकीच्यांनी काय नेलं, काय नाही, कोण जाणे. पण धुरपदाबाईंनी पहाटे उठून पुरण घातलं. त्यांच्या घराला सण मोकळे झाले होते, आणि ते कुणी मोकळे केले हे त्या विसरल्या नव्हत्या. वैजनाथरावांनी खिडकीतून पाहिलं: ताटावर रुमाल झाकून त्या रस्ता ओलांडून गेल्या, दारात उभ्या राहिल्या, कडी वाजवली. पुन्हा वाजवली. खिडकी किलकिली झाली. मोनिका होती.

"मावशी, आत्या म्हणतात, नको." पोरगी रडवेली झाली होती. "म्हणतात, उंबऱ्याला पाय लावू नका. मी काय करू, सांगा."

"तू काय करनार, बाय. जा आत."

धुरपदाबाई परत आल्या. घरात न जाता आपल्याच पायरीवर बसल्या. ताट मांडीवर. ऊन चढत होतं, होळीसाठी पोरं गोवऱ्या गोळा करत हिंडत होती, आणि या बाईकडे बघायला कुणाला सवड नव्हती. वैजनाथराव बाहेर आले. धुरपदाबाईंच्या पायरीपाशी येऊन उभे राहिले. छत्तीस वर्षांत त्यांनी दिलगिरीची किती पत्रं लिहिली असतील, पण त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं.

"बसा," धुरपदाबाई म्हणाल्या.

ते खालच्या पायरीवर बसले. धुरपदाबाईंनी ताटावरचा रुमाल काढला, एक पोळी उचलून वैजनाथरावांच्या हातावर ठेवली आणि वरून तूप सोडलं. दुसरी स्वतः घेतली.

"खावा. अन्न हाय, टाकून कसं द्याचं."

वैजनाथरावांनी घास घेतला. धुरपदाबाईंनी समोरच्या बंद दाराकडे तोंड करून आपली पोळी तुकडा-तुकडा करून सगळी संपवली आणि कटाची वाटी त्यांच्याकडे सरकवली.